स्पॅनिशमधलं ‘चाललंय’: एस्तार, सेगीर, येबार आणि मध्येच घुसणारं इंग्रजी

आपल्याकडे स्पॅनिश शिकवलं जातं ते बहुतेक इंग्रजीतून. पुस्तक इंग्रजीतलं, अ‍ॅप इंग्रजीतलं, शब्दार्थही इंग्रजीत. त्यामुळे मराठी माणूसही स्पॅनिश बोलताना आधी मनात इंग्रजी वाक्य जुळवतो आणि मग त्यातला एकेक शब्द बदलत जातो. पुष्कळ ठिकाणी हे खपून जातं. पण एखादी क्रिया चालू आहे, अजून चालू आहे किंवा इतका वेळ चालू आहे असं सांगायचं झालं की ही सवय दर दुसऱ्या वाक्यात दगा देते. गंमत म्हणजे नेमक्या याच ठिकाणी मराठी स्पॅनिशच्या बरीच जवळ आहे. म्हणून या लेखात प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट करायची: इंग्रजी बाजूला ठेवून ‘हे मी मराठीत कसं म्हटलं असतं?’ असं विचारायचं. मराठीही जिथे चकवते त्या एकदोन जागा मी सांगेनच.

उदाहरणं देवनागरीत लिहिली आहेत आणि उच्चार लॅटिन अमेरिकेतले धरले आहेत. त, द हे आपल्या त-द सारखेच म्हणा, इंग्रजीतल्या ट-ड सारखे नकोत.

पायरी पहिली: ‘-त’ असलेलं रूप तयार करा

चालू क्रिया सांगायला स्पॅनिश एस्तार, सेगीर आणि येबार ही तीन क्रियापदं वापरतं, आणि या तिन्ही रचनांमध्ये दुसरा भाग एकच असतो. स्पॅनिश व्याकरणात त्याला ‘खेरुन्दियो’ म्हणतात. आपल्याला तो ओळखीचा आहे: बोलत, खात, राहत. ‘आब्लार’ म्हणजे बोलणं, त्याचं ‘आब्लान्दो’ म्हणजे बोलत. ‘कोमेर’चं ‘कोमिएन्दो’, खात. ‘बिबीर’चं ‘बिबिएन्दो’, राहत. म्हणजे शेवटी ‘आर’ असेल तर ‘आन्दो’ आणि ‘एर’ किंवा ‘ईर’ असेल तर ‘इएन्दो’. ‘तो रडत आला’ हे स्पॅनिशमध्ये ‘येगो योरान्दो’ होतं, म्हणजे आपल्या ‘रडत’च्या जागी अगदी तेच रूप बसतं.

अडतं ते दोन ठिकाणी. ‘एर’ किंवा ‘ईर’च्या आधी स्वर असेल तर मध्ये ‘य’ येतो: ‘लेएर’चं ‘लेयेन्दो’ (वाचत), ‘ओईर’चं ‘ओयेन्दो’ (ऐकत). आणि ‘ईर’ गटातल्या काही क्रियापदांत आतला स्वर बदलतो: ‘दोर्मीर’चं ‘दुर्मिएन्दो’ (झोपत), ‘पेदीर’चं ‘पिदिएन्दो’ (मागत), ‘देसीर’चं ‘दिसिएन्दो’ (म्हणत), आणि खुद्द ‘सेगीर’चं ‘सिगिएन्दो’. ही अर्धा डझन रूपं तोंडपाठ केली की रोजचं काम भागतं.

इथे मराठी माणसाची एक खास चूक होते. आपल्याकडे ‘करतोय’ आणि ‘करतेय’ वेगळं, त्यामुळे ‘मी काम करतेय’ म्हणताना बाईच्या तोंडी ‘एस्तोय त्राबाखान्दा’ असं काहीतरी येतं. खेरुन्दियोला लिंग नाही, वचनही नाही. पुरुष, बाई, दहा जण, सगळ्यांसाठी ‘त्राबाखान्दो’च.

पायरी दुसरी: एस्तार, पण बेताने

‘एस्तार’ म्हणजे असणं. ‘एस्तोय कोमिएन्दो’, मी जेवतोय. ‘एस्ता दुर्मिएन्दो’, तो किंवा ती झोपलीये. रचना सोपी आहे, म्हणूनच तिचा अतिरेक होतो. इंग्रजीत आत्ता चाललेल्या गोष्टीसाठी चालू काळ जवळपास सक्तीचा आहे, स्पॅनिशमध्ये नाही. ‘के आसेस?’ या साध्या वर्तमानकाळातल्या प्रश्नाचा अर्थ ‘काय करतोस?’ असाही होतो आणि ‘काय करतोयस?’ असाही. आपल्याकडेही फोनवर ‘काय करतेस गं?’ विचारलं तर समोरची ‘नोकरी करते’ असं उत्तर देत नाही. तेवढीच मोकळीक स्पॅनिशमध्ये आहे. आत्ता, या क्षणी, डोळ्यांसमोर चाललंय यावर जोर द्यायचा असेल तेव्हा एस्तार वापरा, एरवी साधा वर्तमानकाळ पुरतो.

इंग्रजी पत्रात ‘आय अ‍ॅम रायटिंग टू...’ अशी सुरुवात होते. ती उचलून ‘एस्तोय एस्क्रिबिएन्दो पारा...’ लिहिलंत तर व्याकरण चुकत नाही, पण पत्र परकं वाटतं. स्पॅनिश माणूस ‘ले एस्क्रीबो पारा...’ लिहितो, म्हणजे ‘आपल्याला लिहितो की...’. कोणी हाक मारली तर ‘एस्तोय बिनिएन्दो’ नाही. ‘या बोय!’ म्हणायचं, शब्दशः ‘जातोच’. आपण अशा वेळी ‘आलो!’ म्हणतो, तोही चालू काळ नव्हे.

आता भविष्याबद्दल. ‘आय अ‍ॅम लीव्हिंग टुमॉरो’ वरून ‘मान्याना एस्तोय सालिएन्दो’ हे वाक्य सर्रास तयार होतं आणि ते चूक आहे. ठरलेल्या बेतासाठी साधा वर्तमानकाळ: ‘मान्याना साल्गो’. किंवा ‘बोय आ सालीर’. इथे मराठीवर डोळे मिटून विसंबू नका, कारण आपणही ‘उद्या निघतोय’ म्हणतो. मनात ‘उद्या निघतो’ आणलंत तर वाक्य बरोबर पडेल.

तिसरा अडथळा आपल्या भारतीय इंग्रजीचा. ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ ही सवय स्पॅनिशमध्ये ‘एस्तोय तेनिएन्दो दोस एर्मानोस’ होऊन बाहेर पडते. असणं, माहीत असणं, शक्य असणं यांत काही ‘चालू’ नसतं. ‘तेन्गो दोस एर्मानोस’, मला दोन भाऊ आहेत. मराठीत कोणी ‘मला दोन भाऊ असतायत’ म्हणतं का?

भूतकाळात मात्र नीट थांबून विचार करावा लागतो. इंग्रजीतलं ‘आय वॉज स्टडीइंग’ एकच, स्पॅनिशमध्ये त्याची दोन रूपं. ‘एस्ताबा एस्तुदियान्दो क्वान्दो यामास्ते’: तू फोन केलास तेव्हा अभ्यास करत होतो. दृश्य उघडं आहे, मध्येच काहीतरी घडलं. ‘एस्तुबे एस्तुदियान्दो तोदा ला तार्दे’: दुपारभर अभ्यास केला. वेळ ठरलेला आणि तो संपलेला. ‘करत होतो’ हे मराठीत दोन्हीकडे बसतं, त्यामुळे इथेही मराठी अर्धीच मदत करते. युक्ती अशी: वाक्यात ‘दुपारभर अभ्यास करत बसलो’ घालून पाहा. ‘बसलो’ शोभलं तर ‘एस्तुबे’. ‘तू फोन केलास तेव्हा अभ्यास करत बसलो’ म्हटलं तर अर्थच बदलतो, फोन आल्यावर अभ्यासाला सुरुवात केली असं वाटतं. मग तिथे ‘एस्ताबा’.

पायरी तिसरी: बसलाय की बसतोय?

इंग्रजीचा सगळ्यात लबाड चकवा इथे आहे. ‘ही इज सिटिंग’ या वाक्यात चालू काळाचं रूप आहे, पण माणूस काहीच करत नाहीये, तो बसलेला आहे. इंग्रजी वळणाने गेलात तर ‘एस्ता सेन्तान्दोसे’ असं वाक्य होतं. त्याचा अर्थ तो खुर्चीत टेकण्याच्या बेतात आहे, गुडघे वाकलेत आणि पाठ अजून टेकायचीय. बसलेल्या माणसाला ‘एस्ता सेन्तादो’ म्हणायचं.

मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही. आपण बसलेल्याला ‘बसलाय’ म्हणतो आणि बसत असलेल्याला ‘बसतोय’. ‘बसलाय’ म्हणजे ‘एस्ता सेन्तादो’, ‘बसतोय’ म्हणजे ‘से एस्ता सेन्तान्दो’. हाच न्याय आडवं पडलेल्याला लागू होतो: ‘पडलाय’, ‘एस्ता आकोस्तादो’. आणि आता लिंग-वचन परत येतं, कारण हे रूप विशेषणासारखं वागतं: ती बसलीये, ‘एस्ता सेन्तादा’. त्या बसल्या आहेत, ‘एस्तान सेन्तादास’.

कपड्यांचंही तसंच. ‘शी इज वेअरिंग अ जॅकेट’ म्हणून ‘एस्ता येबान्दो’ करू नका. ‘येबा उना चाकेता’, तिने जॅकेट घातलंय. आरशासमोर उभी राहून बाह्या चढवत असेल तर ‘से एस्ता पोनिएन्दो ला चाकेता’, जॅकेट घालतेय. मराठीत ‘घातलंय’ आलं तर एस्तार आणि खेरुन्दियोला तिथे काम नाही.

पायरी चौथी: सेगीर, म्हणजे ‘-त राहणं’ आणि ‘अजून’

‘सेगीर’चा मूळ अर्थ मागोमाग जाणं. त्याला खेरुन्दियो जोडला की दोन मराठी अर्थ निघतात. एक, ‘-त राहणं’: ‘सीगे आब्लान्दो’, बोलत राहा. दुसरा, ‘अजून’: ‘सीगो बिबिएन्दो एन पुणे’, मी अजून पुण्यातच राहतोय. ‘मान्याना सेगीमोस आब्लान्दो’ म्हणजे ‘उद्या पुढे बोलू’.

इंग्रजीत ‘कन्टिन्यू टू वर्क’ चालतं, म्हणून बरेच जण ‘सीगो आ त्राबाखार’ करतात. सेगीरनंतर मूळ रूप येत नाही, खेरुन्दियोच येतो. मराठीतही ‘करत राहतो’च म्हणतो, ‘करायला राहतो’ नाही.

नकाराचं वळण वेगळं आहे आणि ते लवकर अंगवळणी पाडावं. ‘मला अजून कळत नाही’ यासाठी ‘सीगो सिन एन्तेन्देर’. सेगीर, मग ‘सिन’ म्हणजे विना, मग क्रियापदाचं मूळ रूप. ‘नो सीगो एन्तेन्दिएन्दो’ असं कोणी म्हणत नाही. उलट ‘आता मी तिथे काम करत नाही’ म्हणायचं असेल तर सेगीर सोडून द्या: ‘या नो त्राबाखो आयी’. ‘नो’ सरळ सेगीरआधी येतो तो मुख्यतः कोणाला थांबवताना: ‘नो सीगास आब्लान्दो’, बोलत राहू नकोस.

‘तो अजून आजारी आहे’ यात चालू क्रिया काहीच नाही, विशेषण आहे. तिथे ‘सीगे एन्फेर्मो’ एवढंच पुरतं, मध्ये ‘एस्तान्दो’ घालायची गरज नाही.

पायरी पाचवी: येबार, आणि इथे मराठी बाजी मारते

‘येबार’ म्हणजे नेणं, वाहणं. वेळेबरोबर आलं की अर्थ होतो: इतका काळ मागे टाकला आणि क्रिया अजून चालूच आहे. ‘येबो त्रेस आन्योस बिबिएन्दो आकी’, मी तीन वर्षं इथे राहतोय.

आता मराठी वाक्य पुन्हा वाचा. ‘राहतोय’, वर्तमानकाळ. ‘येबो’, वर्तमानकाळ. इंग्रजी इथे ‘आय हॅव बीन लिव्हिंग’ असा पूर्ण काळ वापरतं, आणि त्या साच्यातून ‘ए एस्तादो बिबिएन्दो आकी पोर त्रेस आन्योस’ असं लांबलचक वाक्य तयार होतं. ऐकणाऱ्याला समजेल, चूक म्हणून कोणी थांबवणारही नाही कदाचित, पण तुम्ही अजून इथेच राहता की राहून गेलात हे त्यातून स्वच्छ कळत नाही. ‘येबो’ने कळतं. जे अजून चालू आहे ते वर्तमानात सांगायचं, ही समज मराठीत जन्मतःच मिळते, आपण ती इंग्रजी शिकताना गमावतो.

रचना अशी बसवा: येबार वर्तमानकाळात, मग वेळ, मग खेरुन्दियो. ‘येबामोस दोस ओरास एस्पेरान्दो’, आम्ही दोन तास वाट बघतोय. वेळेआधी ‘पोर’ किंवा ‘पारा’ लावायचा नाही. इंग्रजीतला ‘फॉर’ इथे नुसता गळून जातो, जसा मराठीत ‘दोन तास’ला प्रत्यय लागत नाही. सुरुवात सांगायची असेल तर ‘देस्दे’: ‘येबो एस्पेरान्दो देस्दे लास ओचो’, आठपासून थांबलोय.

हा प्रश्न तुम्हाला हमखास विचारला जाईल: ‘क्वान्तो तिएम्पो येबास एस्तुदियान्दो एस्पान्योल?’ किती दिवस स्पॅनिश शिकताय? उत्तरात क्रियापद पुन्हा म्हणायची गरज नाही: ‘येबो ओचो मेसेस’, आठ महिने झाले.

येबारच्या काही मर्यादा आहेत. क्रिया संपली असेल तर येबार नाही. दोन तास थांबलात आणि शेवटी निघून गेलात तर ‘एस्तुबे एस्पेरान्दो दोस ओरास’. अजून थांबला असाल तरच ‘येबो’. आताच स्वयंपाक उरकून घामाघूम बसला असाल तर इंग्रजीत ‘आय हॅव बीन कुकिंग’ चालेल, स्पॅनिशमध्ये ‘येबो’ म्हणालात तर समोरचा गॅस बंद करायला धावेल.

भूतकाळात येबारचं एकच रूप कामाचं, ‘येबाबा’. ‘येबाबा दोस ओरास एस्पेरान्दो क्वान्दो येगास्ते’: तू आलीस तेव्हा मी दोन तास वाट बघत होतो. ‘येबे दोस ओरास एस्पेरान्दो’ होत नाही, कारण ‘येबे’ हे संपलेपणाचं रूप आणि येबारचा सगळा भर न संपण्यावर.

नकारात पुन्हा ‘सिन’ येतो: ‘येबो त्रेस दियास सिन दोर्मीर’, तीन दिवस झोप नाही. ‘नो येबो मुचो तिएम्पो बिबिएन्दो आकी’ हे वाक्य मात्र बरोबर आहे, कारण तिथला ‘नो’ राहण्याला नाही, काळाला लागतो: इथे येऊन फार दिवस झाले नाहीत. नेमका कशाला नकार देताय हे आधी ठरवा.

आणि ‘असणं’ आलं की खेरुन्दियो वगळा. ‘मी दोन वर्षं पुण्यात आहे’, ‘येबो दोस आन्योस एन पुणे’. ‘एस्तान्दो’ नको.

मेक्सिको, मध्य अमेरिका किंवा व्हेनेझुएलाच्या माणसाशी बोललात तर ‘तेन्गो त्रेस आन्योस बिबिएन्दो आकी’ असं ऐकाल. तिकडे येबारऐवजी तेनेर चालतं, अर्थ तोच. ऐकून समजा, पण शिकताना येबार धरा, तो सगळीकडे चालतो.

पायरी सहावी: एक पत्र दुरुस्त करूया

कल्पना करा, एक मराठी विद्यार्थिनी कोलंबियातल्या बोगोतात भाड्याने राहते. शहर सुमारे 2600 मीटर उंचीवर, हवा बारा महिने गार, आणि गीझर बिघडलाय. घरमालकिणीला ती इंग्रजी साच्यातून लिहिते:

‘सेन्योरा, एस्तोय एस्क्रिबिएन्दो सोब्रे एल कालेन्तादोर. ए एस्तादो एस्पेरान्दो पोर एल तेक्निको पोर दोस सेमानास. एल कालेन्तादोर नो सीगे फुन्सियोनान्दो. मि कोम्पान्येरा एस्ता सेन्तान्दोसे एन ला कोसीना येबान्दो चाकेता. एल बिएर्नेस एस्तामोस सालिएन्दो पारा काली.’

पाच वाक्यं आणि प्रत्येकात इंग्रजीची छाया. एकेक घेऊ.

पहिल्यात ‘एस्तोय एस्क्रिबिएन्दो’ काढून ‘ले एस्क्रीबो पोर एल कालेन्तादोर’. ‘ले’ हा आदरार्थी, घरमालकिणीशी तोच शोभतो.

दुसऱ्यात ती अजून वाट बघतेय, म्हणून येबार. शिवाय ‘वेट फॉर’मधला ‘फॉर’ही जातो, कारण ‘एस्पेरार’ला तो लागत नाही. वाट माणसाची असल्यामुळे ‘आ’ येतो आणि ‘एल’शी जोडून ‘आल’ होतो: ‘येबो दोस सेमानास एस्पेरान्दो आल तेक्निको’.

तिसरं वाक्य म्हणजे ‘गीझर अजून चालत नाही’. ‘अजून’ आणि ‘नाही’ एकत्र आले की सेगीर आणि सिन: ‘एल कालेन्तादोर सीगे सिन फुन्सियोनार’. मुळात तिने जे लिहिलं होतं त्याने घरमालकीण गोंधळली असती.

चौथ्यात मैत्रीण बसलीये आणि तिने जॅकेट घातलंय. दोन्ही मराठी क्रियापदांत ‘ल’ आहे की ‘त’ ते पाहा: ‘मि कोम्पान्येरा एस्ता सेन्तादा एन ला कोसीना कोन ला चाकेता पुएस्ता’. ‘पुएस्ता’ म्हणजे घातलेली, आणि चाकेता स्त्रीलिंगी म्हणून ‘पुएस्ता’ही स्त्रीलिंगी.

पाचव्यात शुक्रवारी काली शहराकडे निघण्याचा ठरलेला बेत: ‘एल बिएर्नेस सालीमोस पारा काली’. बेताला चालू काळ नको.

आता त्याच पत्रात आणखी एक वाक्य घालून पाहू. समजा ती लिहिते, ‘काल टेक्निशियनची दुपारभर वाट पाहिली, पण तो आला नाही’. हे कालचं, संपलेलं, म्हणून इथे येबार चालणार नाही: ‘आयेर एस्तुबे एस्पेरान्दोलो तोदा ला तार्दे, पेरो नो बीनो’. शेवटी चिकटलेला ‘लो’ म्हणजे ‘त्याची’. तो पुढेही नेता येतो, ‘लो एस्तुबे एस्पेरान्दो’, पण मध्ये, म्हणजे एस्तुबे आणि एस्पेरान्दोच्या बेचक्यात, कधीच बसत नाही. लिहिताना चिकटवलात तर रोमन लिपीत खेरुन्दियोच्या मूळ जोराच्या स्वरावर आघातचिन्ह द्यायला विसरू नका, नाहीतर वाचणारा जोर चुकीच्या जागी देईल.

पत्रात दोन आठवड्यांची वाट ‘येबो’ने आणि कालची दुपार ‘एस्तुबे’ने आली. घरमालकिणीला त्यावरून कळतं की कालचा हेलपाटा संपला, पण दोन आठवड्यांची तक्रार अजून चालूच आहे.